खरेदीखत नोंदणी : मध्येच शुल्क वाढले तर कोणता दर?

बेळगाव : खरेदीखताची तयारी सुरू असतानाच सरकारने दर वाढवले, तर जुना दर लागू होतो की नवा? दोन्ही रकमा एकाच दस्तावर भरायच्या असल्या तरी मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क यांचे उत्तर वेगळे आहे.

मुद्रांक शुल्क दस्तावर सही झाली त्या तारखेच्या दराने ठरते. नोंदणी शुल्क मात्र दस्त सब-रजिस्ट्रारसमोर सादर करताना भरायचे असते. नोंदणी कायद्याच्या कलम ८० मध्येच तशी तरतूद आहे. त्यामुळे सादर केल्याच्या दिवशीचा दर लागतो.

कर्नाटकात ३१ ऑगस्ट २०२५ पासून नोंदणी शुल्क १ टक्क्यावरून २ टक्के झाले. समजा, ४० लाखांच्या खरेदीखतावर २८ ऑगस्टला सह्या झाल्या आणि दस्त १ सप्टेंबरला सादर झाला. मुद्रांक शुल्क २८ तारखेच्या दराने लागेल, पण नोंदणी शुल्क ४० हजारांऐवजी ८० हजार होईल. सहीनंतर दस्त सादर करायला चार महिन्यांची मुदत मिळते, पण ती मुदत जुना दर राखून ठेवत नाही.

संचकारपत्र आधी झाले होते, हे सांगूनही उपयोग होत नाही. राजस्थानातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केले, की मुद्रांकासाठी बाजारभाव खरेदीखताच्या वेळचा धरायचा, कराराच्या वेळचा नव्हे.

जादा रक्कम मागितली गेल्यास दस्तावरील दोन तारखा पाहाव्यात. सहीची तारीख मजकुरात असते, तर सादर केल्याचा दिवस व वेळ कार्यालयाच्या शेऱ्यात असते.