आधी डाळ, मग दालमिल
नव्या धंद्याची कल्पना कमी खर्चात पारखून पाहण्याची रीत : वऱ्हाडातील तूरडाळीच्या उदाहरणासह

वऱ्हाडात प्रक्रिया उद्योग सुरू करण्याचा प्रचलित क्रम ठरलेला आहे. प्रथम जागा पाहिली जाते, मग प्रकल्प अहवाल तयार होतो, बँकेचे कर्ज मंजूर होते, यंत्रे येतात आणि उद्‌घाटन पार पडते. ग्राहकाचा शोध त्यानंतर सुरू होतो. अनुदानाच्या योजनांमुळे हा क्रम अधिकच पक्का झाला. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्र सरकारने 2020 साली सुरू केलेल्या योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपयांपर्यंत, कर्जाशी निगडित अनुदान ठेवण्यात आले. असे अनुदान यंत्राचा भार हलका करते. तयार माल विकला जाईल की नाही, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यातून मिळत नाही.

हा क्रम उलटा करण्याच्या रीतीला उद्योगजगतात ‘मिनिमम व्हायेबल प्रॉडक्ट’ किंवा संक्षेपाने ‘एमव्हीपी’ म्हणतात. मराठीत त्याला ‘किमान व्यवहार्य उत्पादन’ म्हणता येईल. अमेरिकेतील फ्रँक रॉबिन्सन यांनी 2001 साली ही संज्ञा वापरात आणली आणि एरिक रीस यांच्या 2011 सालच्या ‘द लीन स्टार्टअप’ या पुस्तकामुळे ती जगभर पोहोचली. किमान उत्पादन म्हणजे अर्धवट किंवा हलका माल नव्हे. ग्राहकाने खरे पैसे मोजून घ्यावा इतपत तो पूर्ण असतो. मात्र त्यामागे कारखाना, दुकान, जाहिरात असा डोलारा उभा केलेला नसतो.

शब्द नवा असला तरी रीत जुनी आहे. मुंबईत गिरगावातील सात महिलांनी 1959 साली 80 रुपये उसने घेऊन पापड लाटले. पहिल्या दिवशी तयार झाली ती चार पाकिटे, आणि ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याकडे विक्रीस गेली. पुढे ‘लिज्जत’ म्हणून देशभर पोहोचलेल्या उद्योगाची ही सुरुवात. अमेरिकेत 1999 साली निक स्विनमर्न यांनी जोड्यांचे गोदाम न भरता स्थानिक दुकानांतील जोड्यांची छायाचित्रे संकेतस्थळावर टाकली. मागणी आली की दुकानातून जोडा विकत घेऊन ते ग्राहकाला पाठवीत. लोक न घालून पाहता जोडे घेतील का, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते. ‘झॅपोस’ ही कंपनी त्यातूनच उभी राहिली.

नेमकी शंका कोणती?

अकोला हे डाळ उद्योगाचे जुने केंद्र आहे. समजा, येथील एखाद्या तरुणाला पॉलिश न केलेली तूरडाळ स्वतःच्या नावाने अमरावतीत विकायची आहे. त्याच्या मनात पहिला विचार येतो तो दालमिल घेण्याचा. परंतु लहान प्रमाणावर डाळ तयार होते का, हा प्रश्न आता शंकेचा उरलेला नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या मिनी दालमिलने तो केव्हाच सोडविला आहे. तुरीला चरे पाडणे, तेल किंवा पाणी लावून मुरविणे, वाळविणे, टरफल सोडविणे आणि दोन फाका करणे, ही रीतही सर्वज्ञात आहे.

खरी शंका दुसरीकडे आहे. पॉलिश केलेली डाळ पिवळीधमक आणि चकचकीत दिसते; बिनपॉलिशची त्यापुढे फिकट वाटते. शहरातील गृहिणी तिच्यासाठी किलोमागे जास्त पैसे देईल का, आणि एकदा दिले तरी पुन्हा देईल का? सगळा धंदा या एका गृहीतावर उभा आहे. म्हणून चाचणी त्याचीच व्हायला हवी. यंत्र विकत घेऊन फक्त ज्ञात गोष्टच पुन्हा सिद्ध होते.

दोन क्विंटलचा हिशेब

चाचणीसाठी यंत्राची गरज नसते, कारण मजुरीने डाळ भरडून देणाऱ्या गिरण्या असतात. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत समजण्यासाठी धरले आहेत. प्रत्यक्षात चालू भाव घालावेत. दोन क्विंटल तूर 8,000 रुपये क्विंटलप्रमाणे 16,000 रुपयांना पडली. भरडाईची मजुरी 1,200, पिशव्या व लेबल 1,100, अकोल्याहून अमरावतीपर्यंत सुमारे शंभर किलोमीटरची वाहतूक 700, आणि अन्न सुरक्षा नोंदणी व लेबलची आखणी असा एकवेळचा खर्च 1,500. एकूण 20,500 रुपये. नोंदणी आणि पाकिटावर वजन, किंमत, तारीख, नाव-पत्ता हा तपशील चाचणीच्या मालालाही लागतो. त्यात काटकसर करता येत नाही.

तुरीपासून व्यवहारात साधारणतः 70 ते 75 टक्के डाळ उतरते. उतारा 70 टक्के धरला तर 140 किलो डाळ हाती येते. ती 160 रुपये किलोने पूर्ण विकली गेली तर 22,400 रुपये मिळतात. निम्मीच विकली गेली आणि उरलेली किराणा व्यापाऱ्याला 110 रुपयांनी द्यावी लागली, तर 18,900 रुपये येतात; तोटा 1,600 रुपयांचा. चुणी आणि टरफलाचे पैसे येतील ते वेगळे. शंकेचे उत्तर मिळविण्याची ही किंमत आहे. तेच उत्तर यंत्र, शेड आणि वीजजोडणीनंतर मिळाले तर त्याची किंमत लाखांत जाते.

कसोटी आधी लिहावी

विक्रीला बाहेर पडण्यापूर्वी यशाची कसोटी कागदावर लिहून ठेवावी लागते. नंतर ठरविलेली कसोटी हाती आलेल्या आकड्याकडे झुकते. येथे ती अशी ठेवता येईल : साठ घरांत एकेक किलोचे पाकीट पूर्ण किमतीला विकायचे. पाच आठवड्यांत अनोळखी ग्राहकांपैकी 40 टक्क्यांनी त्याच भावाने दुसरे पाकीट घेतले, तर पुढे जायचे. 20 टक्क्यांहून कमी परतले तर थांबायचे. मधला आकडा आला, तर एकच गोष्ट बदलून पुन्हा पाहायचे. डाळ फुकट वाटायची नाही. फुकट पाकिटाची स्तुती सगळेच करतात. त्यातून भाव कळत नाही.

आता समजा, साठही पाकिटे गेली आणि 26 घरांनी दुसरे पाकीट घेतले. हे प्रमाण 43 टक्के होते आणि तरुणाला कर्जाचा अर्ज भरण्याचा मोह होतो. परंतु वहीत प्रत्येक नावापुढे ओळखीचा की अनोळखी, अशी नोंद असेल तर चित्र बदलते. साठांपैकी 21 घरे नातेवाईक व मित्रांची होती आणि त्यांतील 17 परतली. उरलेल्या 39 अनोळखी घरांपैकी परतली फक्त 9, म्हणजे 23 टक्के. पहिला आकडा आपुलकीचा होता, दुसरा बाजाराचा. निर्णय दुसऱ्यावर घ्यायचा असतो.

न परतलेल्या तीस घरांना मग प्रत्यक्ष भेटावे लागते. ‘डाळ आवडली का?’ असे विचारल्यास ‘छान होती’ एवढेच उत्तर मिळते. ‘ते पाकीट संपल्यावर डाळ कुठून आणली आणि काय भावाने?’ हा प्रश्न उपयोगाचा. या उत्तरांतून भाव जड झाला, डाळ उशिरा शिजली की रंग पसंत पडला नाही, हे वेगळे काढता येते.

वऱ्हाडातील दोन अडचणी

या चाचणीत येथील घरांच्या सवयीमुळे एक फसगत संभवते. नवी तूर जानेवारीपासून बाजारात येते आणि अनेक कुटुंबे उन्हाळ्यात वर्षाच्या धान्याची बेगमी करतात. ज्या घरात वीस-पंचवीस किलो डाळ भरून ठेवलेली आहे, ते घर पाच आठवड्यांत परतणारच नाही. त्याचा अर्थ डाळ नापसंत झाली असा नव्हे. म्हणून महिन्याचा किराणा भरणारी आणि वर्षाचे साठवण करणारी घरे वहीत वेगवेगळी मांडावी लागतात. साठवण करणाऱ्या घरांसाठी दुसऱ्या पाकिटाऐवजी वेगळी कसोटी हवी. एक किलोची डाळ शिजवून पाहिल्यावर ते घर वीस किलोसाठी पाचशे रुपये इसार देते का? ‘पुढच्या वर्षी नक्की घेऊ’ हे आश्वासन हिशेबात धरायचे नाही, इसार धरायचा. त्यासाठी ही चाचणी साठवण सुरू होण्यापूर्वी, फेब्रुवारीतच हाती घ्यावी. इसार घेतला की ठरल्या तारखेला डाळ पोहोचविणे किंवा पैसे परत करणे बंधनकारक ठरते.

दुसरी अडचण पाण्याची. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला आहे. जड पाण्यात डाळ शिजायला वेळ लागतो. अमरावती शहराला अप्पर वर्धा धरणाचे पाणी मिळते. तेथे मऊ शिजलेली डाळ दर्यापूरकडच्या एखाद्या विहिरीच्या पाण्यात टणक राहू शकते. त्यामुळे शहरातील निकाल खारपाणपट्ट्यातील गावांना लावता येत नाही. तेथे विकायचे असेल तर तेथील पाण्यात, तेथील घरांत नव्याने पारख करावी लागते.

चाचणी काय सांगत नाही

चांगला निकालही मर्यादित असतो. वरील हिशेबात एकवेळचा खर्च वगळता किलोमागे सुमारे 136 रुपये खर्च येतो आणि 160 रुपयांच्या विक्रीत 24 रुपये उरतात. परंतु डाळ घरोघरी स्वतः पोहोचविली होती. तीच दुकानातून विकायची झाल्यास दुकानदाराचे दहा टक्के, म्हणजे 16 रुपये, वजा होतात आणि हाती 8 रुपये राहतात. मजुरी, जागेचे भाडे, कर्जाचा हप्ता हे सगळे त्या आठ रुपयांतून निघायचे असते. म्हणून मागणी सिद्ध झाल्यावरची पुढची छोटी चाचणी चार-पाच किराणा दुकानांतून, दुकानदाराचा वाटा देऊन करावी. साठ घरांना पसंत पडलेला माल दुकानाच्या फळीवर चकचकीत डाळीशेजारी टिकतो का, हेही तेथेच कळते.

पावसाळ्यात किडीचा प्रश्नही असतो. फेब्रुवारीत भरलेले पाकीट ऑगस्टमध्ये कसे राहते, हे पाच आठवड्यांत समजत नाही. त्यासाठी पहिल्याच खेपेतील पाच-सहा पाकिटे तारीख लिहून बाजूला ठेवावीत आणि दर महिन्याला एक उघडून पाहावे. त्याचा खर्च हजार रुपयांच्या आत राहतो.

या सर्व पायऱ्या ओलांडल्यावर दालमिलचा विचार करायचा, आणि तोही मजुरीने भरडून घेण्याची सोय अपुरी पडू लागली तर. महिन्याला किती क्विंटल डाळ लागते, कोणत्या भावाने जाते आणि किती ग्राहक परततात, हे तोपर्यंत वहीत नोंदलेले असते. बँकेच्या प्रकल्प अहवालातील विक्रीच्या रकान्यात मग अंदाजाऐवजी हे आकडे भरता येतात.