बोडे आलेखाचे हाताने रेखाटन

ट्रान्सफर फंक्शनमधील कॉर्नर फ्रिक्वेन्सी आणि उतार एवढ्याच माहितीवरून प्रणालीचा वारंवारता-प्रतिसाद सरळ रेषांनी कागदावर उतरवण्याची पद्धत. आलेखाचे दोन भाग असतात. वरच्या भागात परिमाण डेसिबलमध्ये मांडतात, खालच्या भागात फेज अंशांत. दोन्हींचा आडवा अक्ष एकच असून त्यावर वारंवारता लॉगरिथमिक प्रमाणात घेतात. ‘बेल टेलिफोन लॅबोरेटरीज’मधील अभियंता हेन्ड्रिक बोडे (१९०५–१९८२) यांनी फीडबॅक अ‍ॅम्प्लिफायरच्या अभ्यासात हे आलेख रूढ केले. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९४५ साली प्रसिद्ध झाला. संगणक काही क्षणांत अचूक वक्र काढून देतो, तरीही नियंत्रण अभियांत्रिकीत हे रेखाटन शिकवतात, कारण कोणत्या घटकामुळे वक्र कुठे वळला हे त्यात दिसते.

सरळ रेषा का चालतात

ट्रान्सफर फंक्शन हा साध्या घटकांचा गुणाकार असतो. लॉगरिथम घेतला की गुणाकाराची बेरीज होते. त्यामुळे प्रत्येक घटकाचा आलेख स्वतंत्र काढून डेसिबलची डेसिबलमध्ये आणि अंशांची अंशांत बेरीज करता येते.

समजा, एका पोलचा घटक `1/(1 + s/a)` आहे. वारंवारता ω ही a पेक्षा खूप लहान असताना छेदात १ वरचढ असतो, म्हणून परिमाण ० डेसिबलच्या आडव्या रेषेला टेकलेले राहते. ω ही a पेक्षा खूप मोठी झाली की १ नगण्य ठरतो. मग वारंवारता दसपट होताच परिमाण दहाव्या हिश्शावर येते, म्हणजे दर डेकेडला २० डेसिबलने उतरते. या दोन रेषा ω = a येथे मिळतात, आणि तीच त्या पोलची कॉर्नर फ्रिक्वेन्सी. झीरोचे वागणे नेमके उलटे असते. कॉर्नरनंतर त्याची रेषा त्याच दराने चढते. `1/s` या इंटिग्रेटरला मात्र कॉर्नर नसतो. त्याची रेषा पहिल्यापासून दर डेकेडला २० डेसिबलने उतरते आणि ω = १ येथे ० डेसिबलमधून जाते.

उदाहरण: डीसी मोटरचा पोझिशन सर्वो

मोटरचा कालांक १ सेकंद आहे आणि तिच्यासोबत लीड कॉम्पेन्सेटर जोडला आहे असे समजू. ओपन-लूप ट्रान्सफर फंक्शन असे:

```
G(s) = 2000 (s + 5) / [ s (s + 1) (s + 100) ]
```

पहिली पायरी म्हणजे प्रत्येक घटक ‘१ अधिक’ अशा रूपात आणणे. अंशातून ५ आणि छेदातून १ व १०० बाहेर काढले की स्थिरांक २००० × ५ ÷ १०० = १०० होतो:

```
G(s) = 100 (1 + s/5) / [ s (1 + s) (1 + s/100) ]
```

ही पायरी गाळणे ही परीक्षेत सर्रास आढळणारी चूक आहे. २००० हाच गेन धरला तर रेषा ω = १ येथे ४० ऐवजी ६६ डेसिबलवर येते. उतार आणि कॉर्नर सगळे बरोबर असूनही अख्खा आलेख २६ डेसिबल वर सरकतो, आणि त्याचा आकार योग्य दिसत असल्याने चूक नजरेतून निसटते.

कॉर्नर चढत्या क्रमाने लिहायचे: १ येथे पोल, ५ येथे झीरो, १०० येथे पोल, सर्व रेडियन प्रति सेकंदात. पहिल्या कॉर्नरच्या एक डेकेड आधीपासून शेवटच्या कॉर्नरच्या एक डेकेड पुढेपर्यंत, म्हणजे ०.१ ते १०००, अशी पट्टी पुरते. त्यासाठी चार सायकलचा सेमी-लॉग कागद लागतो. या अक्षावर शून्य वारंवारता कधीच येत नाही, म्हणून डावीकडचे टोक आपणच ठरवायचे असते.

परिमाणाची रेषा

सुरुवातीला फक्त स्थिरांक आणि इंटिग्रेटर प्रभावी असतात. ω = ०.१ येथे १००/०.१ = १०००, म्हणजे ६० डेसिबल. तिथून डेकेडला २० डेसिबल उतरत रेषा ω = १ येथे ४० डेसिबलवर पोचते. येथे पोल लागतो आणि उतार ४० होतो. १ ते ५ हे अंतर सुमारे ०.७ डेकेड असल्याने ४० × ०.७ = २८ डेसिबल कमी होऊन रेषा ५ येथे १२ डेसिबलवर येते. आता झीरो लागतो आणि उतार पुन्हा २० होतो. ५ ते १०० हे १.३ डेकेडचे अंतर, म्हणजे २६ डेसिबलची घट, आणि १०० येथे –१४ डेसिबल. त्यापुढे शेवटचा पोल उतार ४० करतो आणि तो तसाच राहतो.

यात एकच लॉगरिथम पाठ असावा लागतो: २ चा ०.३. दहाला २ ने भागले की ५ मिळतात, म्हणून ५ चा लॉगरिथम १ – ०.३ = ०.७.

रेषा ० डेसिबलला छेदते ती वारंवारता, म्हणजे गेन क्रॉसओव्हर, येथे सहज निघते. ५ येथील १२ डेसिबल खाली आणायला डेकेडला २० च्या उतारावर ०.६ डेकेड लागतात. ०.६ डेकेड म्हणजे चौपट, म्हणून क्रॉसओव्हर २० रेडियन प्रति सेकंदावर येतो.

सरळ रेषांची सर्वांत मोठी चूक कॉर्नरवरच असते. तेथे एका पोलचे खरे परिमाण रेषेच्या ३ डेसिबल खाली असते, कॉर्नरच्या निम्म्या आणि दुप्पट वारंवारतेवर साधारण १ डेसिबल खाली. झीरोसाठी हाच फरक वर मोजायचा. या तीन बिंदूंतून हाताने गुळगुळीत वक्र काढला की पुरते. आपल्या उदाहरणात १ येथे खरे परिमाण ४० ऐवजी ३७.२ आणि ५ येथे १२ ऐवजी १४.९ डेसिबल येते. क्रॉसओव्हर कॉर्नरांपासून दूर असल्याने तेथील चूक ०.१ डेसिबलपेक्षाही कमी आहे.

फेजची रेषा आणि तिचा धोका

पोलचा फेज कॉर्नरवर –४५° असतो. रूढ नियमानुसार कॉर्नरच्या दहाव्या हिश्शावर ०° आणि दसपटीवर –९०° धरून मधे डेकेडला ४५° उतरणारी रेषा काढतात. खरे मूल्य या दोन टोकांवर ५.७° ने वेगळे असते. झीरोसाठी चिन्ह बदलते, आणि इंटिग्रेटर सर्वत्र –९०° देतो.

उदाहरणात १ चा पोल ०.१ ते १० या पट्ट्यात फेज खाली ओढतो, ५ चा झीरो ०.५ ते ५० मध्ये वर उचलतो, आणि १०० चा पोल १० ते १००० मध्ये पुन्हा खाली ओढतो. बेरीज केली की रेषा ०.१ येथे –९०° वरून निघून ०.५ येथे –१२१.५° वर येते. तिथून ५० पर्यंत ती अगदी सपाट राहते, कारण १० येथे एक पोल थांबतो त्याच ठिकाणी दुसरा सुरू होतो आणि झीरोचा चढ दोन्ही वेळा तंतोतंत फिटतो. ५० नंतर ती उतरत १००० येथे –१८०° वर पोचते.

प्रत्यक्ष वक्र सपाट नसतो. २ च्या आसपास तो –१३३° पर्यंत खचतो आणि २० जवळ –११२.५° पर्यंत उठतो. लीड कॉम्पेन्सेटर ज्यासाठी बसवला तो उंचवटाच सरळ रेषेने पुसून टाकला. प्रत्येक घटकाची चूक दोन ते चार अंशांचीच आहे, पण क्रॉसओव्हरवर तिन्ही चुका एकाच दिशेने साचून ९° होतात. म्हणून फेजच्या रेषेवरून फक्त आकाराचा अंदाज घ्यावा. फेज मार्जिनचा आकडा क्रॉसओव्हरवर आर्कटॅनने मोजावा:

```
-90 + atan(20/5) - atan(20/1) - atan(20/100)
= -90 + 75.96 - 87.14 - 11.31 = -112.49 (अंश)
```

फेज मार्जिन १८० – ११२.४९, म्हणजे सुमारे ६७.५° निघते. रेषेवरून ते ५८.५° वाटले असते. कॉम्पेन्सेटर काढून टाकल्यास `100/[s(1 + s)]` उरते. त्याचा क्रॉसओव्हर १० वर येतो आणि मार्जिन जेमतेम ६° असते. लूप बंद केल्यावर असा सर्वो इच्छित जागेभोवती बराच वेळ हेलकावत राहील.

आलेख तपासणे

छेदाचा घात अंशाच्या घातापेक्षा जितका जास्त, तितके २० डेसिबल हा शेवटचा उतार आणि तितके –९०° हा शेवटचा फेज असला पाहिजे. उदाहरणात छेद तिसऱ्या घाताचा, अंश पहिल्या घाताचा. फरक दोन, म्हणून ४० डेसिबल आणि –१८०°. दुसरी खूण डाव्या टोकाची. एकच इंटिग्रेटर असल्यास पहिली रेषा पुढे वाढवली की ती स्थिरांकाइतक्या वारंवारतेवर, येथे १०० वर, ० डेसिबलला छेदते. ती दुसरीकडे छेदत असेल तर स्थिरांक चुकला आहे.

मर्यादा

वास्तव पोलांऐवजी संमिश्र पोलांची जोडी असेल तेव्हा कॉर्नरची दुरुस्ती डॅम्पिंग गुणोत्तरावर अवलंबून असते. हे गुणोत्तर ०.५ असल्यास कॉर्नरवर खरे परिमाण रेषेवरच असते, १ असल्यास ६ डेसिबल खाली, पण ०.१ असल्यास १४ डेसिबल वर. सरळ रेषांत हे शिखर दिसतच नाही, आणि फेजही दोन डेकेड पसरण्याऐवजी कॉर्नरजवळ एकदम कोसळतो. अशा जोडीसाठी कॉर्नरवरचे परिमाण वेगळे मोजून वक्र काढावा लागतो.

झीरो उजव्या अर्ध-प्रतलात असेल तर परिमाण नेहमीच्या झीरोसारखेच चढते, पण फेज उलट खाली जातो. केवळ वरचा आलेख पाहणाऱ्याला हा फरक कळत नाही. कालविलंबाचेही तसेच आहे. त्याने परिमाण जराही बदलत नाही, पण फेज वारंवारतेच्या प्रमाणात घटत जातो. वरच्या सर्वोत सेन्सर किंवा संगणनामुळे ०.०२ सेकंदांचा विलंब शिरला, तर २० रेडियन प्रति सेकंदावर ०.४ रेडियन, म्हणजे २३° कमी होतात आणि ६७.५° चे मार्जिन ४४.५° वर येते. विलंबाला कॉर्नर फ्रिक्वेन्सी नसते. त्यामुळे त्याची घट सरळ रेषांच्या बेरजेत येत नाही, ती क्रॉसओव्हरच्या हिशेबात वेगळी वजा करावी लागते.