खंडित कालावधीचे व्याज

खंडित कालावधीचे व्याज (ब्रोकन पिरियड इंटरेस्ट) म्हणजे कर्जाची रक्कम कर्जदाराला प्रत्यक्ष मिळाल्याच्या दिवसापासून हप्त्यांचे नियमित मासिक चक्र सुरू होईपर्यंतच्या अपुऱ्या महिन्याचे व्याज होय. बँका आणि बिगर-बँक वित्त कंपन्या समान मासिक हप्त्याची (ईएमआय) रक्कम पूर्ण महिने गृहीत धरून काढतात. कर्जाचे वितरण मात्र महिन्याच्या कोणत्याही दिवशी होते. या दोहोंमधील तफावत पहिल्या भरण्यात भरून काढली जाते. त्यामुळे पहिला हप्ता पुढील हप्त्यांपेक्षा मोठा किंवा लहान असू शकतो. हे व्याज म्हणजे दंड किंवा प्रक्रिया शुल्क नव्हे. ते वापरलेल्या पैशाचे, वापरलेल्या दिवसांपुरते व्याज असते.

## तफावतीचे कारण

समान मासिक हप्त्याच्या सूत्रात एक गृहीत दडलेले असते: कर्ज मिळाल्यापासून पहिल्या हप्त्यापर्यंत बरोबर एक महिना जातो आणि पुढील प्रत्येक दोन हप्त्यांमध्येही तितकेच अंतर असते. १८ जूनला रक्कम मिळाली आणि पहिला हप्ता १८ जुलैला भरला, तर हे गृहीत तंतोतंत पाळले जाते व कोणतीही दुरुस्ती करावी लागत नाही.

व्यवहारात मात्र प्रत्येक कर्जदारासाठी वेगळी तारीख ठेवणे सोयीचे नसते. हप्ते कर्जदाराच्या बँक खात्यातून परस्पर वळते होतात आणि पगार महिन्याच्या सुरुवातीस जमा होत असल्याने अनेक संस्था ५ किंवा १० अशा ठरावीक तारखा राखून ठेवतात. शिवाय हप्ता वळता करण्याची परवानगी बँकेकडे नोंदली जाण्यास काही दिवस लागतात. म्हणून पुष्कळ संस्था एक सीमा-तारीख ठरवतात. तिच्या आधी वितरित झालेल्या कर्जाचा पहिला हप्ता पुढच्याच महिन्यात येतो आणि नंतर वितरित झालेल्या कर्जाचा त्याच्या पुढच्या महिन्यात. एकाच आठवड्यात, सारख्याच अटींवर कर्ज घेतलेल्या दोघांचे पहिले हप्ते वेगळे दिसतात, ते या सीमा-तारखेमुळे.

## आकारणीची पद्धत

खंडित कालावधी दिवसांत मोजला जातो आणि व्याज सरळव्याजाने काढले जाते:

व्याज = मुद्दल × वार्षिक दर × दिवस ÷ (१०० × ३६५)

दिवस मोजताना वितरणाचा दिवस आणि चक्र सुरू होण्याचा दिवस यांपैकी एकच धरला जातो. दोन्ही धरल्यास एका दिवसाचे व्याज जास्त लागते. पुढील पूर्ण महिन्यांसाठी अनेक संस्था वार्षिक दराचा बारावा भाग वापरतात, त्यामुळे महिना ३० दिवसांचा असो वा ३१ दिवसांचा, व्याजाचा हिशेब बदलत नाही. काही बँका दररोजच्या शिलकीवर व्याज आकारतात. तेथे हप्त्याची रक्कम तीच राहते, पण त्यातील व्याज व मुद्दल यांची वाटणी महिन्यागणिक किंचित हलते आणि उरलेला फरक शेवटच्या हप्त्यात मिटवला जातो.

## उदाहरण

एका कर्जदाराला ५,००,००० रुपयांचे कर्ज वार्षिक १२ टक्के दराने ३६ महिन्यांसाठी मिळाले आहे, असे समजू. सूत्राने मासिक हप्ता १६,६०७ रुपये येतो. हप्त्याची तारीख दरमहा ५ असून सीमा-तारीख १५ आहे. एका दिवसाचे व्याज ६०,००० ÷ ३६५, म्हणजे सुमारे १६४.३८ रुपये होते.

सीमा-तारखेनंतरचे वितरण. रक्कम १८ जूनला खात्यात जमा झाली. १५ तारीख उलटून गेल्याने पहिला पूर्ण हप्ता ५ ऑगस्टला येतो. ५ जुलै ते ५ ऑगस्ट हा पूर्ण महिना सूत्रात बसतो. १८ जून ते ५ जुलै हे १७ दिवस मात्र सूत्राबाहेर राहतात. त्यांचे व्याज १६४.३८ × १७, म्हणजे २,७९५ रुपये. संस्थेने ते ५ जुलैला स्वतंत्रपणे घेतल्यास परतफेडीच्या तक्त्याच्या पहिल्या ओळी अशा दिसतात:

| दिनांक | भरणा (रु.) | व्याज (रु.) | मुद्दल (रु.) | शिल्लक मुद्दल (रु.) |
|---|---|---|---|---|
| ५ जुलै | २,७९५ | २,७९५ | ० | ५,००,००० |
| ५ ऑगस्ट | १६,६०७ | ५,००० | ११,६०७ | ४,८८,३९३ |
| ५ सप्टेंबर | १६,६०७ | ४,८८४ | ११,७२३ | ४,७६,६७० |

पहिल्या ओळीत मुद्दल शून्य आहे. २,७९५ रुपये भरूनही कर्ज एका रुपयाने कमी झालेले नाही, कारण ही रक्कम केवळ १७ दिवसांच्या वापराची आहे. ३६ हप्त्यांची गणना ५ ऑगस्टपासून सुरू होते.

सीमा-तारखेपूर्वीचे वितरण. हेच कर्ज १४ जूनला मिळाले असते, तर पहिला हप्ता ५ जुलैला, म्हणजे २१ दिवसांतच आला असता. सूत्राने पहिल्या हप्त्यात पूर्ण महिन्याचे ५,००० रुपये व्याज धरले आहे. २१ दिवसांचे व्याज मात्र ३,४५२ रुपयेच होते. १,५४८ रुपयांचा हा फरक वजा केल्यास पहिला हप्ता १५,०५९ रुपयांचा होतो. काही संस्था हप्ता १६,६०७ रुपयेच ठेवतात आणि हे १,५४८ रुपये मुद्दलात जमा करतात. त्यामुळे पुढील व्याज थोडे घटते आणि शेवटचा हप्ता लहान येतो. दोन्ही मार्ग योग्य आहेत. हप्ता पूर्ण घेऊन त्यातील व्याज ५,००० रुपयेच दाखवणे मात्र अयोग्य ठरते.

## वसुलीचे प्रकार

वरील १८ जूनच्या कर्जातील २,७९५ रुपये निरनिराळ्या संस्था निरनिराळ्या रीतीने वसूल करतात.

* स्वतंत्र भरणा. वरील तक्त्याप्रमाणे पहिली वजावट केवळ व्याजाची असते. कर्जदाराला पहिला हप्ता अनपेक्षितपणे लहान वाटतो.
* पहिल्या हप्त्यात मिळवणी. ५ ऑगस्टला १६,६०७ अधिक २,७९५, असे १९,४०२ रुपये वळते होतात. खात्यात केवळ नेहमीच्या हप्त्याइतकीच शिल्लक ठेवलेली असल्यास ही वजावट परत जाते आणि त्याबद्दल आकार लागू शकतो. पहिला हप्ता चुकण्याचे हे एक टाळता येण्याजोगे कारण आहे.
* वितरणातूनच कपात. खात्यात ५,००,००० ऐवजी ४,९७,२०५ रुपये जमा होतात आणि सर्व हप्ते समान राहतात. प्रक्रिया शुल्कही याच वेळी कापले जात असल्याने दोन्ही रकमा कर्जदाराच्या मनात एकत्र होतात.
* मुद्दलात भर. २,७९५ रुपये कर्जात मिळवून ५,०२,७९५ रुपयांवर हप्ता काढला जातो. तो सुमारे १६,७०० रुपये, म्हणजे दरमहा ९३ रुपयांनी अधिक येतो. ३६ महिन्यांत हा अधिभार ३,३४० रुपयांच्या आसपास जातो; मूळ रकमेपेक्षा सुमारे ५५० रुपये जास्त द्यावे लागतात, कारण व्याजावरही व्याज लागते.

## गैरआकारणी आणि नियमन

खंडित कालावधीचा हिशेब कर्जदार क्वचितच पडताळून पाहतो, त्यामुळे येथे चुका दीर्घकाळ लक्षात येत नाहीत. भारतीय रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ रोजी काढलेल्या परिपत्रकात तपासणीदरम्यान आढळलेल्या अशा काही प्रथांचा उल्लेख करून त्या न्याय्य व्यवहाराशी विसंगत ठरवल्या.

पहिली प्रथा म्हणजे रक्कम प्रत्यक्ष देण्याच्या दिवसाऐवजी कर्जमंजुरीच्या किंवा करारावर सह्या झाल्याच्या दिवसापासून व्याज लावणे. वरील उदाहरणात करार १० जूनला झाला असता, तर ८ दिवसांचे १,३१५ रुपये विनाकारण गेले असते. धनादेशाने दिलेल्या कर्जांत याचेच दुसरे रूप दिसले. धनादेशावरील तारखेपासून व्याज सुरू होई, धनादेश मात्र अनेक दिवसांनी कर्जदाराच्या हाती पडे. दुसरी प्रथा म्हणजे महिन्याच्या मध्ये कर्ज दिले किंवा फेडले तरी संपूर्ण महिन्याचे व्याज आकारणे. १७ दिवसांसाठी २,७९५ ऐवजी ५,००० रुपये घेतल्यास २,२०५ रुपये जादा जातात. तिसरी प्रथा म्हणजे एक किंवा अधिक हप्ते आगाऊ घेऊनही व्याज संपूर्ण कर्जरकमेवर लावणे.

असे जादा घेतलेले व्याज व इतर आकार परत करण्यास संस्थांना सांगण्यात आले आणि काही प्रकरणांत धनादेशाऐवजी ऑनलाइन हस्तांतरणाचा वापर करण्यास प्रोत्साहन देण्यात आले. खंडित कालावधीचे रास्त व्याज घेण्यास या परिपत्रकाने मनाई केलेली नाही. त्याचा आक्षेप न वापरलेल्या दिवसांच्या व्याजाला आहे.

रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या दुसऱ्या परिपत्रकानुसार, १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ व सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांसाठी मुख्य तथ्य विवरण देणे बंधनकारक झाले. त्यासोबत परतफेडीचा तक्ताही द्यावा लागतो.

## पडताळणी

पडताळणीसाठी खातेउताऱ्यातील रक्कम जमा झाल्याची तारीख, परतफेडीच्या तक्त्यातील पहिल्या दोन ओळी आणि व्याजदर एवढी माहिती पुरते. जमा-तारखेपासून पूर्ण मासिक चक्र जेथे सुरू होते त्या तारखेपर्यंतचे दिवस मोजून त्यांना एका दिवसाच्या व्याजाने गुणावे. उत्तर तक्त्याशी चार-पाच रुपयांच्या आत जुळल्यास हिशेब बरोबर असतो. एका दिवसाच्या व्याजाएवढा फरक आल्यास दोन्ही टोकांचे दिवस मोजले गेले असण्याची शक्यता असते. वरील कर्जात २,७९५ ऐवजी २,८३३ रुपये दिसल्यास वर्ष ३६० दिवसांचे धरले आहे असे समजावे. अशी तरतूद करारात आहे का, हे पाहावे लागते. तीच रक्कम वितरणातून कापून पुन्हा पहिल्या हप्त्यातही मिळवलेली नाही, हेही तपासणे आवश्यक असते.

तफावत आढळल्यास प्रथम संस्थेकडे लेखी तक्रार करावी लागते. ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेखाली दाद मागता येते.

## तत्सम संज्ञा

बांधकाम चालू असलेल्या घराचे कर्ज टप्प्याटप्प्याने दिले जाते. तेव्हा मुद्दलाची परतफेड सुरू होईपर्यंत दिलेल्या रकमेवर दरमहा जे व्याज भरले जाते, त्याला प्री-ईएमआय व्याज म्हणतात. ते अनेक महिने चालू शकते. खंडित कालावधीचे व्याज एकदाच लागते. रोखेबाजारातही 'ब्रोकन पिरियड इंटरेस्ट' ही संज्ञा आहे. तेथे तिचा अर्थ मागील व्याजतारखेपासून विक्रीपर्यंत साचलेले आणि खरेदीदाराने विक्रेत्यास द्यावयाचे व्याज असा होतो.