दामयमक व भेंड्यांची साखळी-कविता

एका चरणाच्या शेवटच्या अक्षराने पुढच्या चरणाचा आरंभ होतो, अशी रचना. दाम म्हणजे माळ. म्हणून मराठी काव्यशास्त्रात तिला दामयमक म्हणतात. मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) अनेक रामायणांपैकी एकाचे नावच ‘दामरामायण’ आहे. गाण्याच्या भेंड्यांत हीच साखळी दोन पक्ष आळीपाळीने पुढे नेतात.

स्पर्धेसाठी रचलेल्या पुढील ओळींत तिची जुळणी दिसते :

डोंगर भिजला, आला पूर
रमली पोरे, भिजले गाव
वळणावरती अडली गाडी
डबकी भरली, बसली धूळ

पहिले दोन सांधे ‘र’ आणि ‘व’ यांचे असून सरळ आहेत. तिसऱ्यात ‘डी’वरून ‘ड’ घेतला आहे. भेंड्यांत स्वर सोडून व्यंजन धरणे चालते. काटेकोर दामयमकात मात्र ‘डी’नेच आरंभ हवा. चौथ्या ओळीपाशी साखळी अडते, कारण ‘ळ’ने मराठी शब्द सुरू होत नाही. ‘ण’चीही हीच अडचण असते. अशा वेळी ‘ळ’ऐवजी ‘ल’ आणि ‘ण’ऐवजी ‘न’ घेण्याची सवलत खेळापूर्वीच ठरवतात.