नकाराची तीन रूपे : रायगड, १६७४

चंदगडच्या सीमेवर मराठी, कोकणी आणि कानडी अशा तीन भाषा एकमेकींना भेटतात. येथे अध्यापन करताना आम्हांस एक गोष्ट वारंवार जाणवते. "बघूया की" हे उत्तर गावच्या माणसाला नकार म्हणून कळते, परंतु बाहेरून आलेला त्याला होकार समजून वाट पाहत बसतो. पुढे कुणी स्पष्ट "जमणार नाही" म्हटले, तर तो उद्धटपणा ठरतो. हा पेच नवा नाही. शिवराज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर आलेल्या इंग्रज वकिलाच्या रोजनिशीत तो स्पष्ट दिसतो.

मे १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडन मुंबईहून तहाची कलमे घेऊन आला. नारायण शेणवी हा त्याचा दुभाषी, तर महाराजांकडून बोलणारे निराजीपंत. इंग्रजांना आपल्या मागण्या कलमवार मांडून त्यांवर होय-नाही असे उत्तर हवे होते. जंजिऱ्याच्या सिद्दीशी महाराजांनी सलोखा करावा, ही त्यांतली नाजूक मागणी. निराजीपंतांनी ऑक्झिंडनला आधीच सुचवले, की या गोष्टीचा आग्रह धरू नये. भर दरबारात नकार देण्याची आणि ऐकण्याची वेळ त्यामुळे टळली. हे नकाराचे पहिले रूप.

भेटीत महाराजांनी कलमे मोरोपंत पेशव्यांकडे तपासणीस सोपवली. पुढे बहुतेक मान्य झाली, पण दोन अडली. मुंबईचे नाणे स्वराज्यात चालावे, या कलमावर उत्तर आले, की ते घालण्याची गरजच नाही. नाणे वजनाने व कसाने चोख असेल, तर त्याला कोणी मनाई करणार नाही. येथे मागणी नाकारली गेली, मागणारा नाही. हे दुसरे रूप.

वादळाने किनाऱ्याला लागलेली जहाजे व माल परत मिळावा, हे दुसरे कलम. यावर सांगण्यात आले, की हे कोकणच्या रिवाजाविरुद्ध आहे. इंग्रजांना ही सवलत दिली, तर फ्रेंच, डच आणि इतर व्यापारीही तीच मागतील. येथे नकार राजाचा नसून देशरिवाजाचा झाला. हे तिसरे रूप.

या उत्तरांना टाळाटाळ म्हणण्याचा मोह होतो, विद्यार्थ्यांना तर हमखास. परंतु टाळाटाळीत कारण अंधुक असते. येथे प्रत्येक उत्तराला तपासता येईल असे कारण अथवा अट आहे. सौम्य नकार आणि चालढकल यांतला भेद ओळखण्याची खूण हीच. अर्थात, निराजीपंतांचे शब्द आपल्यापर्यंत शेणव्याच्या दुभाष्येपणातून आणि ऑक्झिंडनच्या इंग्रजीतून पोहोचतात. त्यांच्या मराठीतला आदर किंवा धार त्या दोन गाळण्यांत किती उरली असेल, हे ध्यानात ठेवूनच ही रोजनिशी वाचावी लागते.

जून १६७४ मध्ये तह झाला. दोन्ही पक्षांची बोलण्याची रीत बदलली नाही. मधल्या दोघांना मात्र दोन्ही रीती वाचता येत होत्या.