वीज गेली, कार्डातल्या फाइलींचे काय?

२९ फेब्रुवारी २०१२ रोजी केंब्रिजच्या रास्पबेरी पाय फाउंडेशनने तळहातावर मावणारा, एकाच पटलावर मांडलेला संगणक विक्रीस आणला. किंमत कमी ठेवण्यासाठी त्यात हार्ड डिस्क नव्हती आणि बंद करण्याचे बटणही नव्हते (बटण आले ते २०२३ च्या पाचव्या पिढीत). सारा कारभार एका एसडी कार्डावर. साहजिकच वायर ओढून संगणक बंद करण्याची सवय लागली आणि ‘कार्ड खराब झाले’ ही तक्रार शाळाशाळांतून ऐकू येऊ लागली.

हा प्रश्न मात्र जुना आहे. फाइल साठवणे ही एक क्रिया नव्हे. मजकूर लिहायचा, फाइलीचा आकार व जागा नोंदवायची, ती जागा व्यापल्याची खूण करायची आणि नाव यादीत घालायचे, अशा त्या अनेक क्रिया आहेत. मध्येच वीज गेली की नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. १९७० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत टेड कोवाल्स्की यांनी यासाठी `fsck` ही तपासनीस आज्ञावली लिहिली. ती साऱ्या नोंदी ताडून पाहते आणि ज्या फाइलींचे नाव हरवले आहे, त्या `lost+found` या कप्प्यात क्रमांक देऊन ठेवते.

डिस्क मोठ्या झाल्या तशी ही तपासणी फार वेळ खाऊ लागली. स्टीफन ट्वीडी यांनी १९९८ मध्ये लिनक्ससाठी वेगळा मार्ग मांडला. दुकानदार आधी कच्च्या वहीत टिपून मग खातेवहीत उतरवतो, तसे बदल आधी रोजनाम्यात लिहायचे. वीज गेली तर रोजनामा वाचून काम पुरे करायचे किंवा अर्धवट नोंद सोडून द्यायची. ही `ext3` पद्धत २००१ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आली. रास्पबेरी पाय वापरतो ती `ext4` तिचीच पुढची पिढी, २००८ ची. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. रोजनाम्यात सहसा फाइलींच्या नोंदी असतात, फाइलींतला मजकूर नसतो. त्यामुळे रचना शाबूत राहूनही ताजी फाइल रिकामी निघू शकते. २००९ मध्ये याच कारणाने बराच वाद झाला होता.

कार्डाची आणखी एक खोड आहे, आणि आमच्या मते खरा घात तीच करते. फ्लॅश स्मृतीत लिहिता येते लहान पानांनी, पण पुसावे लागते मोठ्या गठ्ठ्याने. म्हणून कार्डातला नियंत्रक शेजारचा मजकूर इकडून तिकडे हलवत असतो आणि काय कुठे ठेवले याचा तक्ता राखतो. नेमकी त्याच वेळी वीज गेली, तर महिन्यापूर्वी लिहिलेली, त्या दिवशी कोणी हातही न लावलेली फाइल बिघडू शकते. वरच्या रोजनाम्याला याचा पत्ताच नसतो.

एका शाळेतील हवामान नोंदयंत्राचे १६ जीबीचे कार्ड आमच्याकडे आले, ते असेच. यंत्र सुरूच होत नव्हते. अशा वेळी कार्ड पुन्हा पुन्हा लावून पाहू नये, कारण नुसते जोडल्यानेही रोजनामा चालवला जाऊन कार्डावर लेखन होते. आम्ही दुसऱ्या लिनक्स संगणकावर आपोआप जोडणी बंद केली, `lsblk` ने कार्डाचे नाव खात्रीने पाहिले (आमच्याकडे ते `sdb` होते) आणि आधी संपूर्ण कार्डाची प्रत घेतली:

```
sudo ddrescue -d -r3 /dev/sdb card.img card.map
cp card.img work.img
sudo losetup -fP --show work.img
sudo e2fsck -f /dev/loop0p2
```

`ddrescue` ही २००४ ची आज्ञावली. वाचता न येणाऱ्या जागी ती अडून बसत नाही. सुस्थितीतला भाग आधी उचलते, अवघड जागा `card.map` मध्ये टिपते आणि शेवटी त्यांच्याकडे तीनदा वळते. तिसऱ्या आज्ञेने जे नाव छापले, तेच चौथीत घातले, आणि दुरुस्ती केवळ दुसऱ्या प्रतीवर केली. `e2fsck` ला मुख्य नोंदच सापडली नाही, तर `-b 32768` लिहून तिची राखीव नक्कल दाखवता येते. आम्हाला ती गरज पडली नाही.

`lost+found` मध्ये `#` आणि क्रमांक एवढेच नाव असलेल्या काही फाइली मिळाल्या. `file` या आज्ञेने मजकुराच्या फाइली वेगळ्या काढल्या. उघडताच एकीत तारखा व तापमाने ओळीने दिसली. शेवटची नोंद नव्हती, कारण लिनक्स नवे लेखन साधारण अर्धा मिनिट स्मृतीत धरून ठेवते.

नोंदींची रचनाच गेली असेल, तर `photorec` सुरुवातीच्या ठरावीक खुणांवरून फाइली हुडकते. छायाचित्रांना अशी खूण असते, म्हणून ती बहुधा नावाविना का होईना मिळतात. आकड्यांच्या साध्या फाइलीला खूण नसते, आणि ती तुकड्यांत विखुरलेली असेल तर आशा थोडीच. कार्ड आपला आकार शून्य सांगू लागले, तर बहुधा नियंत्रकच गेला असे समजावे. तेथे यांतली कोणतीही आज्ञावली पोचत नाही.