१-०-० आणि ०-०-१

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे तीन आकडे असतात: सकाळ, दुपार, रात्र. नैराश्यावरच्या गोळ्यांपुढे कधी १-०-० लिहिलेले असते, कधी ०-०-१. आजार एकच आणि औषधेही त्याच आजारावरची, तरी एक गोळी चहा-नाश्त्यानंतरची आणि दुसरी अंथरूण घातल्यावरची असे का, हा प्रश्न घरातले लोक हमखास विचारतात. त्याचे उत्तर शोधत मागे गेले की दोन्ही गोळ्यांची वंशावळ एकाच घराण्याला जाऊन मिळते. ते घराणे नैराश्यावरच्या औषधांचे नाही, शिंका आणि अंगावरच्या पित्ताच्या गांध्यांवरच्या औषधांचे आहे.

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये १९३७ मध्ये दानिएल बोवे आणि अॅन-मारी स्टाउब यांनी हिस्टामिनला अडवणारे पहिले रसायन दाखवून दिले. ॲलर्जीत शरीरात सुटणारे हिस्टामिन नाक गळवते, खाज आणते. त्याला रोखले की त्रास थांबतो. ते पहिले रसायन फार विषारी होते, पण वाट सापडली होती. पुढच्या दहा वर्षांत या जातीची अनेक औषधे निघाली. अमेरिकेत सिनसिनाटीच्या जॉर्ज रिव्हशल यांनी १९४३ मध्ये डायफेनहायड्रामीन बनवले. आपल्याकडे बेनाड्रिल नावाच्या खोकल्याच्या लाल औषधातून ते कितीतरी घरांत पोचले. ते घेतले की मुले गाढ झोपतात, हे आयांना पाठ होते.

ही पेंग का येते ते बऱ्याच उशिरा नीट कळले. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागात पेशींचा एक छोटा पुंजका आहे. त्या पेशी हिस्टामिन तयार करतात आणि ते साऱ्या मेंदूभर पोचवतात. आपण जागे असतो तेव्हा त्या काम करतात, झोपलो की गप्प होतात. म्हणजे नाकात शिंका आणणारे तेच रसायन मेंदूत जागवण्याचे काम करते. जे औषध मेंदूत शिरून हिस्टामिन ज्यात बसते ते पेशींवरचे कुलूप अडवते, ते माणसाला झोपवते. आजच्या ०-०-१ मागचे मुख्य कारण हे कुलूप आहे.

पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला मात्र औषध कंपन्यांना ही पेंग म्हणजे दोष वाटत नव्हता, तिच्यात त्यांना धंदा दिसत होता. १८९९ मध्ये प्रथम बनवला गेलेला इमिनोडायबेंझिल हा जुना सांगाडा बासेलच्या गायगी कंपनीने कपाटातून बाहेर काढला आणि त्याला वेगवेगळ्या शेपट्या जोडून ४२ रसायने तयार केली. त्यांतले एक स्वित्झर्लंडमध्ये बोडन सरोवराकाठच्या म्युन्स्टरलिंगेनच्या मनोरुग्णालयात गेले. तिथले डॉक्टर रोलांड कून यांनी ते झोपेचे औषध म्हणून देऊन पाहिले, पण ते फारसे कामाचे निघाले नाही.

तेवढ्यात फ्रान्समध्ये त्याच हिस्टामिनरोधक घराण्यातून क्लोरप्रोमॅझीन निघाले आणि भ्रम, भास होणाऱ्या रुग्णांवर ते चालले. त्याच्यासारखे काही आपल्या ४२ मध्ये सापडते का, म्हणून कून यांना गायगीकडून जी २२३५५ हे रसायन मिळाले. रचनेत ते क्लोरप्रोमॅझीनचे सख्खे भावंड होते. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर त्याचा उपयोग झाला नाही, उलट काही जण अस्वस्थ झाले. मग १९५६ च्या जानेवारीत कून यांनी ते खोल नैराश्यात बुडालेल्या रुग्णांना द्यायला सुरुवात केली. काही दिवसांतच परिचारिकांना बदल दिसू लागला. अंथरुणातून उठायला तयार नसलेली माणसे आपण होऊन उठू लागली, बोलू लागली. चाळीस रुग्णांचा अनुभव कून यांनी १९५७ मध्ये छापला. त्यानंतर लवकरच हे रसायन इमिप्रामीन म्हणून बाजारात आले.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. त्या रुग्णालयात कित्येक वर्षे अशा चाचण्या चालल्या, आणि रुग्णांना काय दिले जाते आहे याची नीट कल्पना देऊन संमती घेतली जात नव्हती. झ्युरिकच्या इतिहासकारांनी हे कागदपत्रांनिशी २०१९ मध्ये मांडले. पुढे कितीतरी लोकांना उपयोगी पडलेल्या औषधाच्या मुळाशी ती न विचारलेली माणसे आहेत.

इमिप्रामीननंतर लगेच, १९६१ मध्ये, अमेरिकेत अमिट्रिप्टिलीन आले. सांगाडा जवळजवळ तोच, मधल्या कड्यातल्या नायट्रोजनच्या जागी फक्त कार्बन. एवढ्या बदलाने हिस्टामिनच्या कुलपात ते इमिप्रामीनपेक्षा कितीतरी घट्ट बसू लागले. बेचैन, रात्र रात्र जागणाऱ्या नैराश्यग्रस्तांना ही पेंग वरदानासारखी वाटली. पण सुरुवातीची रीत दिवसातून तीनदा २५ मिलिग्रॅम देण्याची होती, म्हणजे १-१-१. परिणामी रुग्ण दुपारी कामावर डुलक्या घेत. पुढे रक्तातले औषध मोजता येऊ लागले आणि हे औषध सावकाश ओसरते हे दिसले: निम्मे कमी व्हायला सरासरी वीसेक तास लागतात. मग तीन वेळा द्यायची गरजच नव्हती. सगळा डोस रात्री एकदम दिला तरी मनावरचा परिणाम तेवढाच होतो आणि पेंग झोपेच्या कामी येते. १-१-१ चे ०-०-१ झाले ते असे.

प्रत्यक्षात हे कसे उतरते ते पाहू. समजा पंचावन्न वर्षांच्या एका बाईंना डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलीनची २५ मिलिग्रॅमची गोळी रात्री घ्यायला सांगितली. त्या सगळे आवरून साडेदहाला गोळी घेतात. रक्तातले औषध साधारण चारेक तासांनी, काहींत त्याहूनही उशिरा, शिखराला पोचते. म्हणजे रात्री अडीच-तीनला. सहा वाजता दूधवाला येतो तेव्हा त्या उठतात, पण डोके जड, तोंड कोरडे, आणि दहापर्यंत गुंगी उतरत नाही. दोन दिवसांत त्या म्हणतात, ही गोळी मला मानवत नाही. अशा वेळी डॉक्टर बहुधा गोळी बदलत नाहीत, वेळ मागे घेतात: रात्री आठला, जेवणाच्या सुमारास. आता शिखर मध्यरात्री येते आणि सहापर्यंत ओसरणीला लागते. रक्तातल्या पातळीत यामुळे फार मोठा फरक पडत नाही, पण सकाळ सोसण्याजोगी होते. तेवढ्यानेही भागले नाही तर डॉक्टर डोस १० मिलिग्रॅमवर आणून हळूहळू वाढवतात.

खरी गफलत पुढच्या आठवड्यात होते. हिस्टामिनच्या कुलपाला शरीर लवकर सरावते. आठ-दहा दिवसांत पेंग बरीच कमी होते. मनावरचा परिणाम मात्र दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो, कारण तो हिस्टामिनमधून येत नाही. तो सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन पेशींत परत शोषले जाऊ न देण्यातून, आणि त्यानंतर मेंदूत सावकाश होणाऱ्या बदलांतून येतो. या मधल्या दिवसांत झोपही पूर्वीसारखी येत नाही आणि मनही उजळलेले नसते. औषध लागू पडेनासे झाले असे वाटून बाई ते बंद करतात. चिठ्ठीवरची वेळ औषधाच्या उपपरिणामासाठी लिहिलेली असते, इलाजासाठी नव्हे, एवढे पहिल्याच दिवशी कोणी समजावून सांगितले असते तर त्यांनी धीर धरला असता. वयस्कर माणसांत आणखी एक धोका असतो. हे औषध उभे राहताना रक्तदाब खाली आणते. रात्री लघवीला उठलेला माणूस अर्धवट झोपेत, चक्कर येऊन पडतो आणि मांडीचे हाड मोडते. म्हणून त्यांनी आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसावे आणि मगच उठावे.

आता सकाळच्या गोळीकडे वळू. इंडियानापोलिसच्या इलाय लिली कंपनीत ब्रायन मॉलॉय यांना मन उभारणारे पण अमिट्रिप्टिलीनचे उपद्रव नसलेले रसायन हवे होते. सुरुवात त्यांनी कुठून करावी? डायफेनहायड्रामीनपासून, म्हणजे बेनाड्रिलमधल्या त्याच झोप आणणाऱ्या रसायनापासून. त्याच्या रचनेत फेरफार करत त्यांनी एक मालिका तयार केली. डेव्हिड वाँग यांनी ती तपासली तेव्हा तिच्यातले एक रसायन सेरोटोनिनचेच शोषण अडवते आणि बाकीच्या कुलपांना जवळजवळ हात लावत नाही, असे आढळले. ते फ्लुओक्सेटीन. १९७४ मध्ये त्याच्यावरचा पहिला लेख छापून आला आणि १९८७ च्या डिसेंबरात अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. आजोबा झोपवणारा निघाला आणि नातू जागवणारा.

फ्लुओक्सेटीन सुरू केल्यावर पहिले काही दिवस अनेकांना हुरहूर, बेचैनी, झोपमोड जाणवते. म्हणून २० मिलिग्रॅमची गोळी सकाळी, आणि मळमळ कमी व्हावी म्हणून बहुधा खाल्ल्यावर. पण इथे गंमत अशी की नियमित घेतल्यावर हे औषध निम्मे उतरायलाच चार ते सहा दिवस लागतात, आणि शरीरात त्यापासून बनणारे पुढचे रसायन आठवड्याहूनही जास्त टिकते. महिन्याभरानंतर सकाळच्या आणि रात्रीच्या रक्तात फारसा फरक उरत नाही. तरीही चिठ्ठीवर १-०-० राहते, ते पहिल्या पंधरवड्यासाठी आणि सवयीसाठी. काही जणांना याच गोळीने उलट पेंग येते. त्यांना डॉक्टर बिनदिक्कत ती रात्री घ्यायला सांगतात. सर्ट्रालीनच्या बाबतीत तर सकाळ किंवा संध्याकाळ, दोन्ही चालतात.

सगळ्याच सकाळच्या गोळ्या या घराण्यातल्या नाहीत. भारतात जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ नरिमन मेहता यांनी बरोज वेलकम कंपनीत बनवलेले बुप्रोपियॉन ॲम्फेटामिनच्या भाऊबंदांतले आहे. त्याच्या बाबतीत सकाळ ही नुसती सवय नाही. दिवसातून दोनदा घ्यायचा प्रकार असेल तर दोन डोसांत किमान आठ तासांचे अंतर ठेवावे लागते आणि दुसरा डोस झोपण्याच्या वेळेच्या जवळ येऊ द्यायचा नसतो, नाहीतर रात्र टक्क जागी जाते.

रात्रीच्या घराण्यात मागाहून मिर्टाझापीन आले. डच कंपनी ऑर्गनॉनच्या मियान्सेरीनचा तो वंशज, आणि मियान्सेरीनचा शोध मुळात ॲलर्जीच्या वाटेवरच लागला होता. मिर्टाझापीन हिस्टामिनच्या कुलपात इतके घट्ट बसते की १५ मिलिग्रॅममध्येच भरपूर पेंग येते. डोस ३० किंवा ४५ केला की ती वाढेल असे वाटते, पण बऱ्याच डॉक्टरांचा अनुभव उलटा आहे. कुलूप आधीच भरलेले असते. वाढीव औषध नॉरॲड्रेनॅलिनची बाजू जागी करते आणि रुग्णाला थोडी तरतरी येते.

यांतले सर्वांत घट्ट बसणारे डॉक्सेपीन. नैराश्यासाठी ते दिवसाला ७५ मिलिग्रॅम आणि त्याहून जास्त द्यावे लागते. २०१० मध्ये अमेरिकेत त्याच्या ३ आणि ६ मिलिग्रॅमच्या गोळ्यांना वेगळी परवानगी मिळाली. एवढ्या थोड्या औषधाने मनावर काही परिणाम होत नाही, हिस्टामिनचे कुलूप तेवढे भरते. ही परवानगी मध्येच जाग येणाऱ्यांसाठी, झोपेचे औषध म्हणून होती. म्युन्स्टरलिंगेनमध्ये कून यांनी गायगीचे पहिले रसायन ज्या कामासाठी देऊन पाहिले होते, तेच हे काम.